शहाण्णव हजारांचं पत्र

"मॅडम, तुम्ही स्टेटमेंट अ‍ॅक्सेप्ट करा ना, पेमेंट लगेच सुटेल."

विमा कंपनीच्या शाखेतून आलेला हा फोन मी समोर बसून ऐकत होतो. फोन घेणाऱ्या बाई विमा ब्रोकर. पुण्यात सहा माणसांचं ऑफिस, ग्राहक बहुतेक चाकण-भोसरीकडचे कारखानदार. त्यांनी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. कंपनीच्या पोर्टलवर एप्रिल ते जूनचं ब्रोकरेज स्टेटमेंट उघडलेलं होतं आणि खाली एकच बटण होतं, मान्यतेचं. अमान्य करायला बटणच नव्हतं.

मी अशा लहान ब्रोकर कंपन्यांचे हिशेब पाहतो. पुढचं उदाहरण तीन-चार ठिकाणी पाहिलेल्या प्रकरणांतून जुळवलं आहे, त्यामुळे कोणाचंही नाव नाही आणि आकडे सोपे करून घेतले आहेत. चुका मात्र जशा होतात तशाच ठेवल्या आहेत.

आधी या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. विमा एजंट हा विमा कंपनीचा माणूस. ब्रोकर मात्र कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी. चार कंपन्यांकडून दर मागवायचे, अटी तपासायच्या आणि उद्या आग लागली तर क्लेमसाठी ग्राहकाच्या बाजूने कंपनीशी भांडायचं, हे त्याचं काम. पण त्याचा मेहनताना देते ती विमा कंपनी. म्हणजे ज्याच्याशी भांडायचं, त्याच्याच दारात दर महिन्याला पैशासाठी उभं राहायचं.

बरं, ते पैसे हातात आलेल्या प्रीमियममधून वळते करून घ्यावेत, तर तीही सोय नाही. लंडनच्या बाजारात ब्रोकर आपली दलाली कापून उरलेला प्रीमियम पुढे पाठवतो, ही जुनी पद्धत आहे. आपल्याकडे विमा कायद्याच्या ६४ व्हीबी या कलमाने वेगळीच शिस्त घातली आहे. प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. आणि एजंटाने गोळा केलेला प्रीमियम कमिशन न कापता, पूर्णच्या पूर्ण, चोवीस तासांत कंपनीकडे जमा करायचा. ब्रोकरांच्या व्यवहारातही प्रीमियम सगळा आधी कंपनीकडेच जातो. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तम आहे. ब्रोकरच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की पैसे एकदा पलीकडे गेले की आपला हिस्सा परत यायची वाट बघत बसायचं. हिस्सा किती, हेही पलीकडूनच कळणार.

ते कळवणारा कागद म्हणजे स्टेटमेंट. त्यात पॉलिसी नंबर, प्रीमियम, टक्का आणि ब्रोकरेज असतं. ब्रोकरने ते आपल्या वहीशी जुळवायचं, मग जीएसटीसह बिल द्यायचं, मग कंपनीने टीडीएस कापून पैसे पाठवायचे. यातली पहिली पायरी अडली की बाकीच्या आपोआप अडतात.

बाईंच्या स्टेटमेंटमध्ये एकाच कारखान्याच्या दोन पॉलिसी होत्या. दोन्ही १ एप्रिल २०२४ पासूनच्या. पहिली आगीची. तिचा प्रीमियम जीएसटी सोडून वीस लाख, त्यात अठरा लाख आग, पूर, भूकंप वगैरेंचे आणि दोन लाख दहशतवादी हल्ल्याच्या जोखमीचे. कंपनीने दर देताना ब्रोकरेजही लिहून दिलं होतं: आगीच्या भागावर १५ टक्के, दहशतवादाच्या भागावर ५ टक्के. दुसरी पॉलिसी कामगारांच्या ग्रुप मेडिक्लेमची, प्रीमियम चाळीस लाख, ब्रोकरेज साडेसात टक्के. ग्रुप मेडिक्लेम वर्षभर हलत राहतो. नवे कामगार लागले की त्यांची नावं वाढतात, सोडून गेले की कमी होतात. या प्रत्येक बदलाची एक पुरवणी निघते. तिला सगळे एंडॉर्समेंटच म्हणतात. मे महिन्यात ३,२०,००० रुपयांची वाढ झाली, जूनमध्ये २,००,००० ची वाढ आणि १,२०,००० चा परतावा.

बाईंच्या वहीप्रमाणे तिमाहीचं ब्रोकरेज ६,३०,००० होत होतं. कंपनीचं स्टेटमेंट म्हणत होतं ५,१४,०००.

स्टेटमेंट ५ जुलैला आलं. तेही तीन महिन्यांचं एकदम. खरं तर ब्रोकरांसाठी २००२ साली पहिली नियमावली आली, तिच्यातच लिहिलं होतं की त्यांचा हिशेब विमा कंपन्यांनी दर महिन्याला पुरा करावा आणि एकीकडची येणी दुसरीकडच्या देण्यात वळती करू नयेत. हिशेब मासिक ठेवण्यामागे व्यवहारी कारण आहे. महिन्याच्या आत चूक दिसली तर ज्याने नोंद केली तो माणूस अजून त्याच टेबलावर असतो. तीन महिन्यांनी त्याची बदली झालेली असते.

बाईंनी ८ जुलैला दोन गोष्टी केल्या. एक, पैसे तरी सुरू व्हावेत म्हणून ५,१४,००० चं बिल दिलं. दोन, त्याच दुपारी शाखेला ई-मेल पाठवला: "तुमचं स्टेटमेंट साफ चुकीचं आहे, आमचे ६,३०,००० होतात, ताबडतोब दुरुस्त करा." पहिली गोष्ट बरोबर होती. दुसरीने घात केला. मुख्य कार्यालयात हिशेब बघणाऱ्याने ई-मेल वाचला आणि बिलापुढे शेरा मारला: स्टेटमेंट विवादित, पेमेंट होल्ड. ज्या पाच लाख चौदा हजारांबद्दल दोघांचंही एकमत होतं, तेही त्या शेऱ्याखाली गाडले गेले. करारात बिलानंतर तीस दिवसांत पैसे द्यायचं ठरलं होतं. सप्टेंबर संपत आला तरी एक रुपया आला नव्हता.

दरम्यान सरकार थांबलेलं नव्हतं. ५,१४,००० वर अठरा टक्क्यांनी ९२,५२० रुपये जीएसटी होतो. बिल फाडलं की तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, समोरून पैसे येवोत न येवोत. तो बाईंनी खिशातून भरला. लहान ब्रोकरला थकबाकीपेक्षा हे जास्त लागतं. न मिळालेल्या उत्पन्नावरचा कर भरायला त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचे तरी पैसे असावे लागतात, आणि ते बहुतेक वेळा पगाराचे असतात.

पत्र लिहायचं ठरलं तेव्हा मी आधी वही मागितली. मला शंका त्यांच्याच आकड्याची होती. वीस लाखांवर सरसकट १५ टक्के धरून त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने आगीच्या पॉलिसीचे तीन लाख लिहिले होते. दहशतवादाच्या दोन लाखांवर दर ५ टक्के होता, म्हणजे तीस हजार नव्हे, दहा हजार. वीस हजार आपल्याच बाजूने जास्त लावलेले! खरा आकडा ६,१०,०००. बाई क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "हे पत्रात नाही लिहिलं तर?" लिहिलं नाही तर पलीकडचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत हेच शोधून काढेल आणि बाकीच्या मुद्द्यांकडे बघणारही नाही, हे त्यांनाही ठाऊक होतंच.

मग फरक उरला ९६,००० चा. तो तीन जागी सापडला, आणि प्रत्येकाची जात निराळी होती.

पहिला, ६३,००० चा. आगीच्या अठरा लाखांपुढे स्टेटमेंटमध्ये १५ ऐवजी ११.५ टक्के लागले होते. हा साडेअकराचा आकडा हवेतून आलेला नाही. २०१६ च्या कमिशन नियमांत मोठ्या धंद्यांच्या आग विम्यासाठी मध्यस्थांना जास्तीत जास्त किती द्यायचं याची मर्यादा होती, आणि २,५०० कोटींखालच्या विमा रकमेसाठी ती साडेअकरा टक्के होती. १ एप्रिल २०२३ पासून विमा नियामक आयआरडीएआयने अशा विमाप्रकारवार मर्यादा काढून टाकल्या. आता कंपनीच्या संचालक मंडळाने कमिशनचं धोरण ठरवायचं आणि कंपनीचा एकूण व्यवस्थापन खर्च मर्यादेत ठेवायचा. सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी ती मर्यादा भारतातल्या एकूण प्रीमियमच्या ३० टक्के. ब्रोकरांना या बदलाचा आनंद झाला होता, आणि तो रास्तही होता. पण माझ्या मते भांडणांचं मूळही तिथेच आहे. पूर्वी दर राजपत्रात छापलेला असे. वाद झाला तर दोघंही तेच पान उघडत. आता दर शाखाप्रमुखाच्या ई-मेलमध्ये असतो, आणि मुख्य कार्यालयाच्या सिस्टीममध्ये कुणीतरी तो भरायचा असतो. भरला नाही, तर सिस्टीम जुनाच दर लावत राहते.

दुसरा, २४,००० चा. मे महिन्यातली ३,२०,००० ची पुरवणी स्टेटमेंटमध्ये नव्हतीच. कारखान्याच्या एचआरने नव्या कामगारांची यादी ब्रोकरला न विचारता थेट कंपनीच्या पोर्टलवर चढवली होती. ग्राहकाचे पैसे कंपनीकडे आगाऊ ठेवलेल्या सीडी खात्यातून कापले गेले आणि पुरवणी निघाली ती ब्रोकरच्या कोडशिवाय, "डायरेक्ट" म्हणून. यात कुणाची लबाडी नाही. पण ब्रोकरच्या वहीत ती दिसण्याचंही कारण नव्हतं. एचआरने प्रत पाठवली म्हणून कळलं. ग्रुप मेडिक्लेममध्ये ब्रोकरेज गळतं ते बहुतेक इथून. आणि गळतंय हे कळायचा एकच मार्ग आहे: पुरवण्यांना ओळीने नंबर असतात, मधला नंबर स्टेटमेंटमध्ये नसेल तर थांबायचं.

तिसरा, ९,००० चा. सोडून गेलेल्या कामगारांचा प्रीमियम परत दिला की त्यावरचं ब्रोकरेजही परत घेतलं जातं, ते योग्यच आहे. पण तोच परतावा दोन ओळींत दोनदा वजा झाला होता. पुरवणी नंबर एकच, तारखा निरनिराळ्या.

पत्र अर्थातच इंग्रजीत गेलं. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता:

"दिनांक ३० सप्टेंबर २०२४

विषय: (अ) ८ जुलैच्या बिलाची थकलेली रक्कम. (आ) एप्रिल ते जून २०२४ च्या ब्रोकरेज स्टेटमेंटमधल्या तीन नोंदी.

महोदय,

या पत्रात दोन स्वतंत्र विषय आहेत. दुसऱ्या विषयावर आपला निर्णय व्हायचा असला, तरी पहिल्या विषयातली रक्कम देण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून दोन्हींची उत्तरं स्वतंत्रपणे द्यावीत ही विनंती.

(अ) आपल्या ५ जुलैच्या स्टेटमेंटनुसार आमचं ब्रोकरेज ५,१४,००० रुपये आहे. त्याच रकमेचं बिल आम्ही ८ जुलैला दिलं. जीएसटी ९२,५२० धरून बिल ६,०६,५२० चं होतं. १० टक्के टीडीएस ५१,४०० वजा जाता ५,५५,१२० रुपये आम्हाला मिळायला हवेत. करारानुसार मुदत ७ ऑगस्टला संपली. बिलाबद्दल आपला लेखी आक्षेप आजवर आलेला नाही. याच रकमेवरचा टीडीएस आपण जूनअखेर जमा केल्याचं आमच्या २६एएस मध्ये दिसतं. आम्ही उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग असून नोंदणीची प्रत सोबत आहे. ही रक्कम सात दिवसांत जमा करावी. विलंबाच्या व्याजाचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.

(आ) आमच्या ८ जुलैच्या ई-मेलमध्ये आम्ही ६,३०,००० हा आकडा दिला होता. तो चुकीचा होता. दहशतवादाच्या भागावर आम्ही ५ ऐवजी १५ टक्के धरले होते. योग्य रक्कम ६,१०,००० असून स्टेटमेंटशी फरक ९६,००० चा आहे. तो पुढील तीन नोंदींत आहे. आग पॉलिसीवर १५ ऐवजी ११.५ टक्के लागल्याने ६३,०००. आपल्या शाखेने दिलेली, ब्रोकरेजचा दर लिहिलेली कोट स्लिप सोबत जोडली आहे. मे महिन्याची पुरवणी आमच्या कोडशिवाय निघाल्याने २४,०००. ग्राहकाचं मार्चमधलं मँडेट पत्र जोडलं आहे. जूनच्या परताव्याची वसुली दोनदा झाल्याने ९,०००. दोन्ही ओळींवर खूण केलेली स्टेटमेंटची प्रत जोडली आहे. प्रत्येक नोंद मान्य की अमान्य, आणि अमान्य असल्यास का, हे पंधरा दिवसांत कळवावं. मान्य झालेल्या फरकाचं बिल आम्ही वेगळं देऊ.

५,१४,००० चं बिल देणं म्हणजे स्टेटमेंटला अंतिम मान्यता देणं नव्हे, हे नोंदवून ठेवावं.

आपली,"

पत्रात राग नाही, आणि कायद्याच्या कलमांची माळही नाही. पण काही वाक्यं तिथे का आहेत ते सांगायला हवं.

टीडीएसचं वाक्य सगळ्यात नेमकं आहे. कमिशनवरचा टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. विमा कंपनीच्या वहीत पॉलिसी बुक झाली की ब्रोकरेजही खर्च म्हणून पडतं, आणि टीडीएस भरला जातो. तो ब्रोकरच्या पॅन क्रमांकाखाली २६एएस मध्ये दिसतो. म्हणजे कंपनीने आयकर खात्याला आधीच सांगितलेलं असतं की अमुक एवढे पैसे या ब्रोकरचे आहेत. यानंतर "रक्कम अजून तपासतोय" म्हणणं अवघड जातं. थकलेल्या ब्रोकरेजच्या प्रत्येक पत्राआधी २६एएस उघडून बघावं, असं मी सगळ्यांना सांगतो. फार थोडे बघतात.

उद्यम नोंदणीचं वाक्य छोटं आहे, पण त्याच्या मागे २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांचा कायदा उभा आहे. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि करारात कितीही लिहिलं तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. सेवा पुरवल्यापासून पंधरा दिवसांत लेखी आक्षेप आला नाही, तर ती स्वीकारली असं धरलं जातं; म्हणून "लेखी आक्षेप आजवर आलेला नाही" हे शब्द. फोनवरची कुरकुर यात मोजत नाहीत. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. त्या वेळी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज सव्वावीस टक्के. ८ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर या चोपन्न दिवसांचे ५,५५,१२० वर साडेसोळा हजारांच्या आसपास होतात. शिवाय २०२३-२४ पासून आयकर कायद्याने आणखी एक खिळा ठोकला आहे: अशा उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही आणि वर्षाअखेरीपर्यंतही थकलं, तर देणाऱ्याला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. एवढ्या रकमेने विमा कंपनीचं काही बिघडत नाही. पण तिचा ऑडिटर अशा थकबाकीची यादी मागतो, आणि त्या यादीत नाव आलेलं हिशेब विभागाला आवडत नाही.

पत्रात व्याजाचा आकडा मुद्दाम घातला नाही. आकडा घातला की तो तिसरा वाद होतो. हक्क राखून ठेवला एवढंच पुरेसं होतं.

जीएसटीमध्येही असंच एक हत्यार आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्याला त्या बिलावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. आपल्या बिलाचे १८० दिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरत होते, म्हणून ते पहिल्या पत्रात न घालता दुसऱ्या पत्रासाठी शिल्लक ठेवलं.

वादातल्या ९६,००० चं बिल लगेच का नाही? बिल दिलं की त्यावरचे १७,२८० रुपये जीएसटी आधी भरा, आणि कंपनीने नाकारलं की क्रेडिट नोट काढून कर कमी करून घ्या, असा द्राविडी प्राणायाम होतो. पण उलट बाजूही आहे. सेवा दिल्यावर बिल किती दिवसांत द्यायचं याला जीएसटीत मुदत आहे, त्यामुळे ते अनंत काळ थांबवता येत नाही. हा निर्णय ज्याने त्याने आपल्या सीएबरोबर बसून घ्यावा.

आणि पत्रात काय नाही तेही बघा. त्याच कारखान्याचा एक क्लेम त्या वेळी कंपनीकडे अडकला होता. बाईंच्या पहिल्या मसुद्यात त्याचा उल्लेख होता, "आपल्या एकूण सेवेबद्दल" अशा शब्दांत. तो काढला. क्लेम ग्राहकाचा, ब्रोकरेज आपलं. दोन्ही एका कागदावर आले की उद्या कोणी म्हणेल, ब्रोकरचे पैसे सुटले म्हणून क्लेमवरचा जोर ओसरला. "नाहीतर पुढच्या वर्षी धंदा दुसरीकडे नेऊ" हेही काढलं. धंदा कुठे न्यायचा हे ग्राहकाच्या हितावर ठरतं, असं ब्रोकरने कायद्याने मानायचं असतं. थकबाकीसाठी ती धमकी लिहून ठेवली, तर आपण तसं मानत नाही याचा लेखी पुरावा आपणच दिल्यासारखं होतं.

पत्र पाठवायचं कोणाला, यावर आमचा थोडा वाद झाला. बाईंचं म्हणणं, शाखाप्रमुखाला, वर्षानुवर्षांची ओळख. शाखाप्रमुख भला माणूस होता, पण त्याच्या हातात ना पैसे होते, ना सिस्टीम. पैसे मुख्य कार्यालयाच्या हिशेब विभागाकडे, दर कमिशन बघणाऱ्या विभागाकडे. शेवटी पत्र त्या दोघांच्या नावे गेलं, आणि प्रत शाखेला. शाखाप्रमुखाने फोन करून थोडं ऐकवलं. "ताई, मला आधी सांगायचं ना!" तीन महिने त्यालाच सांगत होते, हे बाईंनी ऐकवलं नाही.

यातून काहीच झालं नसतं तर पुढे काय, हा प्रश्न ब्रोकर नेहमी विचारतात. विमा लोकपालाची वाट पॉलिसीधारकांसाठी आहे, ब्रोकरच्या दलालीसाठी नाही. नियामकाला पत्र लिहिता येतं आणि ब्रोकरांच्या संघटनेमार्फत विषय मांडता येतो. पण वसुलीचा खरा रस्ता म्हणजे सूक्ष्म-लघू उद्योगांसाठी राज्यात असलेली फॅसिलिटेशन कौन्सिल. अर्ज ऑनलाइन करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमलं तर लवाद. कायदा नव्वद दिवसांत निकाल म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो. पण निकाल विरुद्ध गेला आणि कंपनीला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. एक अट मात्र पाळावी: उद्यम नोंदणी काम देण्याआधीची असावी. थकल्यावर घाईघाईने केलेल्या नोंदणीवर समोरचा वकील पहिलं बोट ठेवतो.

बाईंना तिथवर जावं लागलं नाही. पत्रानंतर आठव्या दिवशी हिशेब विभागातून फोन आला. दुसऱ्या एका ग्राहकाच्या रद्द झालेल्या पॉलिसीची वसुली बाकी आहे, ती वळती करून उरलेले पाठवले तर चालेल का, अशी विचारणा होती. एकीकडचं दुसरीकडे वळवायचं नाही, या जुन्या नियमाची गरज कशासाठी ते असं कळतं. एकदा ते मान्य केलं की कुठल्या बिलाचे किती आले हे वर्षभर कोणालाच सांगता येत नाही. बाईंनी ई-मेलवर नकार कळवला आणि त्या वसुलीचा तपशील स्वतंत्रपणे मागवला. त्यानंतर चार दिवसांनी ५,५५,१२० पूर्ण जमा झाले. व्याजाचा शब्द कोणी काढला नाही, आणि बाईंनीही तो पुढे रेटला नाही. मी रेटला असता. पण त्यांना त्याच कंपनीकडे अजून नऊ ग्राहक होते.

फरकाच्या तीन नोंदींची गत वेगवेगळी झाली. ९,००० दोन आठवड्यांत मान्य झाले. दोन ओळी शेजारी दिसल्यावर बोलायला काही उरलं नव्हतं. २४,००० साठी ग्राहकाचं नवं पत्र मागितलं गेलं. मँडेट मार्चचं, पुरवणी मेची, मग मधल्या काळात मँडेट बदललं नाही याचा दाखला कुठे? एचआरने तो दोन ओळींत दिला, आणि त्यानंतर कामगारांच्या याद्या ब्रोकरच्या मार्फतच जाऊ लागल्या. ६३,००० मात्र रेंगाळले. कोट स्लिप देणारा अधिकारी कंपनी सोडून गेला होता, आणि १५ टक्क्यांना वरची मंजुरी होती का, हे मुख्य कार्यालय तपासत होतं. मंजुरीचा ई-मेल शाखेतच सापडला, जुन्या अधिकाऱ्याच्या फोल्डरमध्ये. तो शोधून काढला त्याच रागावलेल्या शाखाप्रमुखाने.

नोव्हेंबरच्या स्टेटमेंटमध्ये तिन्ही ओळी आल्या, ९६,००० पूर्ण. बाईंनी वेगळं बिल तयार करायला घेतलं आणि सवयीने स्टेटमेंट खालपर्यंत सरकवलं. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका कारखान्याची नवी आग पॉलिसी झाली होती. तिच्यापुढे ब्रोकरेजचा दर होता ११.५ टक्के.